लंडनची वीट, न्यूयॉर्कचा वायदा: आर्बिट्राजबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्बिट्राजवर येणारे प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून एकदाच नीट उत्तरं लिहून ठेवली आहेत. दहा बाजारांची दहा उदाहरणं देण्यापेक्षा एकच जोडी शेवटपर्यंत धरली आहे: लंडनमधलं हजर सोनं, म्हणजे लगेच हातात मिळणारं, आणि न्यूयॉर्कमधला सोन्याचा वायदा, म्हणजे आज ठरलेल्या भावाने पुढच्या तारखेला सोनं देण्याघेण्याचा करार. कुठलाही प्रश्न सुटा वाचला तरी चालेल. जिथे दुसऱ्या उत्तराची गरज आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. आर्बिट्राज म्हणजे नेमकं काय? स्वस्तात घेऊन महागात विकणं तर प्रत्येक व्यापारी करतो.

फरक वेळेचा आहे. एरवीचा व्यापारी आज माल घेतो आणि उद्या भाव चढेल या भरवशावर तो धरून ठेवतो. भाव पडला तर बुडतो. आर्बिट्राज करणारा एका बाजारात घेतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजारात विकून मोकळा होतो. माल अजून पहिल्याच ठिकाणी असतो, पण खरेदीचा भावही ठरलेला आणि विक्रीचाही. यापुढे सोनं दुप्पट होवो की निम्मं, त्याला फक्त दोन भावांमधली तफावत आणि ती वसूल करण्याचा खर्च यांच्याशी देणंघेणं असतं.

पुस्तकी मराठीत याला ‘अंतरपणन’ म्हणतात. शब्द चांगला आहे, पण सौदे करणाऱ्या माणसाच्या तोंडून मी तो कधी ऐकलेला नाही.

२. उदाहरणाला सोनंच का? आणि लंडन-न्यूयॉर्कच का?

सोनं सडत नाही, त्याची शुद्धता मोजता येते आणि वजनाच्या मानाने त्याची किंमत इतकी मोठी असते की विमानाचं भाडंही परवडतं. म्हणजे भाव जवळ येण्यासाठी यापेक्षा सोयीची वस्तू मिळणं कठीण. तरीही तफावत पडते, आणि म्हणूनच ती का पडते हे इथे स्वच्छ दिसतं.

दोन्ही बाजारांची घडण वेगळी आहे. लंडनमध्ये बँका आणि मोठे व्यापारी एकमेकांशी थेट हजर सोन्याचे सौदे करतात. तिथली प्रमाण वीट साधारण ४०० ट्रॉय औंसांची, म्हणजे सुमारे साडेबारा किलोची असते (ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम). न्यूयॉर्कच्या कोमेक्स बाजारात वायदा चालतो. एका सौद्यात १०० औंस सोनं असतं आणि डिलिव्हरी द्यायची वेळ आली तर १०० औंसांची एक वीट किंवा एकेक किलोच्या तीन विटा द्याव्या लागतात. ४०० औंसांची लंडनची वीट या सौद्यात चालत नाही. हा तपशील लक्षात ठेवा, प्रश्न ९ मध्ये सगळा घोळ त्यावरूनच झाला.

३. न्यूयॉर्कचा वायदा लंडनच्या भावापेक्षा नेहमीच थोडा वर दिसतो. मग रोजच फुकटचा नफा पडलेला असतो का?

नाही. सर्वाधिक गैरसमज इथेच होतो.

वायदा म्हणजे पुढच्या तारखेचा भाव. आज लंडनमध्ये सोनं घेऊन दोन महिन्यांनी ते द्यायचं असेल, तर तेवढे दिवस तुमचे पैसे अडकतात. त्यांचं व्याज, तिजोरीचं भाडं आणि विमा हे सगळं त्या भावात यायलाच हवं. समजा हजर भाव २,००० डॉलर आहे आणि वार्षिक व्याज ५ टक्के. मग ६० दिवसांचं व्याज औंसाला साधारण १६ डॉलर ६७ सेंट होतं. म्हणजे दोन महिन्यांचा वायदा २,०१६ डॉलर ६७ सेंटांवर असेल, तर दोन्ही भाव खरं तर ‘समान’ आहेत. तफावत त्याच्या वर जेवढी असेल तेवढीच मोजायची.

व्याजदर शून्याजवळ असताना हा फरक दोन-तीन डॉलरही नसतो, आणि व्याज चढलं की तोही चढतो. म्हणून ‘वायदा इतका वर आहे’ एवढंच सांगणाऱ्याला आधी व्याजदर विचारावा.

४. एक सौदा आकड्यांनिशी दाखवाल का?

दाखवतो. भाव आणि खर्च समजण्यापुरते घेतले आहेत, क्रम मात्र खराच आहे.

लंडनमध्ये हजर सोनं २,००० डॉलर औंस. न्यूयॉर्कमध्ये दोन महिन्यांचा वायदा २,०३० डॉलर. व्यापारी लंडनमध्ये ४०० औंसांच्या दहा विटा घेतो, म्हणजे ४,००० औंस, किंमत ८० लाख डॉलर. त्याच मिनिटाला न्यूयॉर्कमध्ये ४० वायदे विकतो, म्हणजे तेवढंच सोनं ८१ लाख २० हजार डॉलरला देण्याचं कबूल करतो. वरवरची तफावत १ लाख २० हजार डॉलर.

आता वजाबाकी. ८० लाखांवर ५ टक्क्यांनी ६० दिवसांचं व्याज ६६,६६७ डॉलर. विटा रिफायनरीत पाठवून वितळवायच्या आणि १०० औंसांच्या ४० विटा पाडून घ्यायच्या, याचे औंसाला दीड डॉलर धरू. विमानभाडं आणि विमा मिळून आणखी दीड डॉलर. न्यूयॉर्कची तिजोरी, दलाली आणि किरकोळ खर्च एक डॉलर. औंसाला चार डॉलर म्हणजे १६,००० डॉलर. हातात उरले ३७,३३३ डॉलर.

८० लाखांवर हा अर्धा टक्काही नाही. औंसामागे ३० डॉलरची तफावत पाहून डोळे विस्फारले होते, खिशात आले सव्वानऊ. शिवाय नव्या विटांवर बाजाराने मान्य केलेल्या रिफायनरीचाच शिक्का हवा आणि तिथून त्या थेट मान्यताप्राप्त तिजोरीतच जायला हव्यात. मधे कुणाच्या घरी किंवा कचेरीत मुक्काम झालेली वीट पुन्हा तपासल्याशिवाय स्वीकारत नाहीत.

५. वीट विमानात असताना सोन्याचा भाव कोसळला किंवा भडकला तर?

नफ्याला धक्का नाही, पण रोख पैशांना लागतो. हे दोन वेगळे प्रकार आहेत, आणि ते एकच समजणारे पुष्कळ लोक बुडाले आहेत.

वरच्याच सौद्यात न्यूयॉर्कचा वायदा २,०३० वरून २,२०० ला गेला असं धरू. व्यापाऱ्याकडचं सोनं महाग झालं, वायदा विकल्यामुळे तेवढंच नुकसानही झालं, हिशेब जमला. पण वायद्याच्या बाजारात नुकसान रोजच्या रोज रोखीत भरावं लागतं. १७० डॉलर गुणिले ४,००० औंस म्हणजे ६ लाख ८० हजार डॉलर, तेही लगेच. सोन्यातला फायदा मात्र विटेत गोठलेला, आणि वीट अजून रिफायनरीत. शेवटी डिलिव्हरीच्या दिवशी त्या दिवसाच्या भावाने पैसे मिळतात, आधी भरलेली रक्कम त्यातून भरून निघते आणि सरासरी २,०३० चीच पडते. तोपर्यंत पैसे भरता आले नाहीत तर दलाल वायदा बंद करून टाकतो, आणि मग सुरक्षित सौद्याचं अर्धंच अंग उरतं.

म्हणून या धंद्यात भांडवलापेक्षाही वेळेवर उधार देणारी बँक पाठीशी असणं महत्त्वाचं, असं माझं मत आहे. ३७ हजारांच्या नफ्यासाठी पावणेसात लाखांची सोय तयार ठेवावी लागते.

६. पण यामुळे भाव जवळ कसे येतात? त्यासाठी सगळं सोनं इकडून तिकडे जावं लागतं का?

प्रत्येक जण लंडनमध्ये घेतो, त्यामुळे तिथला भाव थोडा चढतो. तोच न्यूयॉर्कमध्ये विकतो, त्यामुळे तिथला थोडा उतरतो. भाव जवळ आणायचे म्हणून कुणी हे करत नाही, नफा काढायला करतात. तफावत खर्चाएवढी उरली की पुढच्या माणसाला काही सुटत नाही आणि तो थांबतो. वरच्या उदाहरणात तो थांबा व्याज १६.६७ अधिक खर्च ४, म्हणजे साधारण २,०२१ डॉलरच्या आसपास आहे.

सोनं हलायलाच हवं असं मात्र नाही. बहुतेक वेळा विटा जागच्या हलत नाहीत. तफावत वाढताच घेणारे-विकणारे सौदे टाकतात, ती कमी झाली की दोन्ही बाजू उलटवून बाहेर पडतात. विमान फक्त धाक म्हणून उभं असतं. पण तो धाक खरा असावा लागतो. ‘वेळ पडली तर वीट आणून देईन’ हे म्हणता आलं नाही की भाव सैल सुटतात.

७. मग भाव अगदी तंतोतंत सारखे का होत नाहीत?

कारण खर्चाच्या आतली तफावत मिटवण्यात कुणाचाच फायदा नाही. दोन भावांमध्ये एक पट्टा असतो. त्या पट्ट्यात ते स्वैर फिरतात, काठाला आले की व्यापारी जागे होतात.

याचं सगळ्यात सुबक उदाहरण सुवर्णमानाच्या काळातलं आहे. पौंड आणि डॉलर दोन्ही सोन्याच्या ठरावीक वजनाला बांधलेले होते, त्यामुळे एका पौंडाची किंमत सुमारे ४.८७ डॉलर यायची. बाजारातला दर मात्र त्याच्या थोडा वरखाली असायचा. लंडनला पैसे पाठवायचे आहेत आणि पौंड फारच महागला, तर माणूस पौंड घेण्याऐवजी सोनंच पेटीत भरून बोटीने पाठवी. भाडं, विमा आणि प्रवासातलं व्याज धरून ही वेळ समान दरापासून दोन-तीन सेंटांवर येई. या दोन काठांना सुवर्णबिंदू म्हणत. बोटी वेगवान झाल्या, विमा स्वस्त झाला, तसे हे बिंदू एकमेकांजवळ सरकले. दर कुणी फर्मान काढून आवळला नव्हता.

पट्ट्याची रुंदी दोन्हीकडे सारखी असेलच असं नाही. प्रश्न ११ पाहा.

८. तारायंत्र यायच्या आधी दोन खंडांतले भाव कसे जुळत?

उशिरा आणि ढोबळ. २७ जुलै १८६६ रोजी अटलांटिकखालची कायमची टिकलेली तार न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याला लागली. तोवर लंडनची बातमी न्यूयॉर्कला आगबोटीने जात असे आणि तिला दहाएक दिवस लागत. बातमी वाचून सौदा केला तरी तो तिकडे पोहोचेपर्यंत आणखी तेवढेच दिवस. म्हणजे प्रश्न १ मध्ये सांगितलेली ‘त्याच क्षणी’ ही अटच पाळता येत नव्हती, आणि जे चाले तो निम्मा आर्बिट्राज, निम्मा अंदाज होता. दोन्ही शहरांत विकल्या जाणाऱ्या अमेरिकी सरकारी रोख्यांच्या भावातली तफावत तार सुरू होताच झपाट्याने घटली. तारेने माल एक इंचही हलवला नव्हता, तिने फक्त अंदाज काढून टाकला.

चलनाचे व्यापारी पौंड-डॉलरच्या दराला आजही ‘केबल’ म्हणतात, ते त्या तारेवरूनच.

९. मार्च २०२० मध्ये काय झालं? सोनं संपलं होतं का?

सोनं संपलं नव्हतं. लंडनच्या तिजोऱ्या भरलेल्या होत्या. पण ते चुकीच्या शहरात होतं आणि चुकीच्या आकारात होतं.

क्रम असा. कोविडमुळे प्रवासी विमानं थांबली. सोनं बरंचसं प्रवासी विमानांच्या पोटातून जातं, हे एरवी कुणाच्या लक्षात येत नाही. त्याच सुमारास, २३ मार्चला, स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतातल्या तीन मोठ्या रिफायनऱ्या, वालकाम्बी, आर्गोर-हेरेउस आणि पाम्प, स्थानिक आदेशामुळे बंद ठेवाव्या लागल्या. हा प्रांत इटलीच्या सीमेला लागून आहे आणि तिथली परिस्थिती तेव्हा फार वाईट होती. ४०० औंसांची वीट वितळवून किलोच्या विटा पाडण्याचं काम प्रामुख्याने याच ठिकाणी होतं.

आता प्रश्न ४ मधला व्यापारी आठवा. त्याने लंडनमध्ये सोनं घेतलंय आणि न्यूयॉर्कमध्ये वायदा विकलाय. वीट वितळवता येत नाही, पाठवता येत नाही, आणि एप्रिलची डिलिव्हरी तोंडावर आलेली. विकलेला वायदा परत घेऊन सुटका करून घ्यायला सगळे एकदम धावले. सगळेच घेणारे झाल्यामुळे वायदा आणखी वर गेला. एरवी एक-दोन डॉलर असणारी तफावत २४ मार्चला साठ-सत्तर डॉलरवर पोहोचली. लंडनमध्येही बँकांनी भाव सांगताना घेण्याच्या आणि विकण्याच्या दरात मोठं अंतर ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे नक्की भाव काय हेच धूसर झालं.

ज्यांचा आर्बिट्राज ‘जवळपास बिनधोक’ म्हणून वर्षानुवर्षं चालू होता, त्यांनाच मार बसला. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय बँकेला या तफावतीपायी एका दिवसात सुमारे २० कोटी डॉलरचा फटका बसला.

१०. मग ती तफावत मिटली कशी?

तीन मार्गांनी, वेगवेगळ्या वेगाने. बाजाराने त्याच आठवड्यात एक नवा वायदा जाहीर केला, ज्यात ४०० औंसांची वीटही चालणार होती. कागदावर उपाय अचूक होता, पण नव्या सौद्यात उलाढाल फारशी झालीच नाही. मला वाटतं त्याचा उपयोग घबराट शमवण्यापुरता झाला. दुसरं, एप्रिलमध्ये रिफायनऱ्या टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या. तिसरं आणि खरं कारण म्हणजे इतकी मोठी तफावत पाहून ज्याला शक्य होतं त्याने मालवाहू विमानांतून सोनं न्यूयॉर्ककडे वळवलं. काही महिन्यांत तिथल्या तिजोऱ्यांतला साठा तिपटीहून अधिक झाला.

तफावत काही आठवड्यांत बरीच खाली आली, तरी पूर्वीसारखी एक-दोन डॉलरवर यायला वेळ लागला. बँकांनी या सौद्यासाठी दिलेली मर्यादा कमी केली होती. ज्या सौद्याला आधी धोका शून्य धरला जाई त्यावर आता थोडा धोका लावला जाऊ लागला, आणि पट्टा तेवढा रुंदावला.

११. २०२५ मध्ये विमानं उडत होती, रिफायनऱ्याही चालू होत्या. तरी तफावत का पडली?

या वेळी अडथळा प्रत्यक्षात आलेलाच नव्हता, तो येईल अशी भीती होती. अमेरिका आयात सोन्यावर जकात लावेल अशी शंका २०२४ च्या अखेरीपासून पसरली आणि न्यूयॉर्कचा वायदा लंडनच्या पुष्कळ वर गेला. समजा भाव ३,००० डॉलर आहे आणि १० टक्के जकात लागू शकते, म्हणजे ३०० डॉलर. तफावत ६० डॉलर असेल तर बाजार म्हणतोय की जकातीची शक्यता पाचात एक आहे. ही तफावत कुणी मिटवायची राहून गेलेली नाही, ती धोक्याची किंमत आहे. प्रश्न ६ मधला व्यापारी इथे निर्धास्तपणे उडी मारू शकत नाही, कारण वीट वाटेत असतानाच जकात लागली तर तो तीनशेला बुडतो.

तरी पुष्कळांनी जकातीच्या आधी पोहोचायचं म्हणून घाई केली. बँक ऑफ इंग्लंडच्या तिजोरीतून विटा काढायला आठवड्यांची रांग लागली, कारण विटा उचलायला माणसं आणि गाड्या मोजक्याच असतात. २ एप्रिल २०२५ च्या घोषणेत सोन्याच्या विटा वगळल्या गेल्या आणि फुगवटा उतरला. मग ऑगस्टमध्ये अमेरिकी सीमाशुल्क खात्याचं एक पत्र बाहेर आलं, ज्यात एक किलोच्या आणि १०० औंसांच्या विटांना जकात लागेल असं म्हटलं होतं. हे दोन्ही आकार म्हणजे नेमके वायद्यात चालणारे. तफावत काही काळ शंभर डॉलरच्या वर गेली. ११ ऑगस्टला राष्ट्राध्यक्षांनी सोन्यावर जकात नसल्याचं सांगितल्यावर ती विरली.

पट्टा एकाच बाजूने रुंद कसा होतो तेही इथे दिसतं. आत येणाऱ्या सोन्यावर जकात असली तर न्यूयॉर्क लंडनपेक्षा बरंच महाग राहू शकतं. पण ते फार स्वस्त होऊ शकत नाही, कारण बाहेर जाणाऱ्या सोन्याला जकात नाही.

१२. माझ्या स्क्रीनवर दोन बाजारांत मोठी तफावत दिसते आहे. ती खरी आहे हे कसं ओळखायचं?

आधी दोन्ही भाव एकाच क्षणाचे आहेत का ते पाहा. सर्वांत मोठ्या तफावती बहुतेक वेळा शिळ्या असतात: एका बाजाराचा भाव आताचा, दुसऱ्याचा काल बंद झाला तेव्हाचा. मग शेवटचा सौदा कितीला झाला ते सोडून द्या आणि एकीकडे विकायला काढलेला भाव आणि दुसरीकडे घ्यायला सांगितलेला भाव यांतलं अंतर मोजा. तिथेच अर्ध्या तफावती गळतात. त्या भावाला किती माल मिळतो तेही बघा. पाच औंसांसाठी दिसणारा भाव पाचशे औंसांना मिळेलच असं नाही.

हे सगळं करून उरलेली तफावत प्रश्न ३ प्रमाणे व्याज वजा करून पाहा. तरीही मोठी उरली, तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे माझ्याआधी कुणी का केलं नाही? ‘कुणाच्या लक्षात आलं नाही’ हे उत्तर अगदी क्वचित बरोबर असतं. बहुधा वस्तू एक नसते (आकार, शुद्धता, तारीख), किंवा वाट बंद असते, किंवा दुसरीकडे पैसे अडकण्याची भीती असते. मी स्वतः एकदा अशी तफावत सापडल्याच्या आनंदात दोन रात्री हिशेब केले होते. एक भाव हजरचा होता आणि दुसरा चार महिन्यांच्या वायद्याचा.

१३. सामान्य माणसाला हे करता येतं का?

लंडन-न्यूयॉर्क जोडीत नाही. प्रश्न ४ मधला चार डॉलरचा खर्च मोठ्या प्रमाणावर काम करणाऱ्याला पडतो. एकच वीट हलवणाऱ्याला भाडं, तपासणी आणि विमा मिळून त्याच्या कितीतरी पट पडेल, म्हणजे त्याचा पट्टा इतका रुंद की भाव काठाला कधी लागणारच नाहीत. ‘घरबसल्या आर्बिट्राज, खात्रीचा परतावा’ अशी जाहिरात दिसली तर त्यात आर्बिट्राज सोडून बाकी काहीही असू शकतं.

१४. तफावत कधी ना कधी मिटणारच असेल, तर ती वाढली तरी थांबून राहायला काय हरकत आहे?

‘मिटणारच’ हे कशाच्या जोरावर म्हणता, यावर ते अवलंबून आहे. सोन्याच्या वायद्याला शेवटची तारीख असते. त्या दिवशी वायदा म्हणजेच सोनं होतं, वीट देऊन पैसे घेता येतात. प्रश्न ५ मधली रोकड सांभाळली तर शेवट ठरलेला आहे.

पण प्रत्येक जोडीला असा शेवट नसतो. रॉयल डच आणि शेल ट्रान्सपोर्ट या दोन कंपन्या १९०७ पासून एकच धंदा चालवत आणि त्यातलं उत्पन्न ६०:४० असं वाटून घेत. मग दोघींच्या बाजारमूल्याचं प्रमाणही ६०:४० असायला हवं होतं. प्रत्यक्षात ते वर्षानुवर्षं त्यापासून ढळलेलं असे, कधी एकीकडे तर कधी दुसरीकडे. एका कंपनीचा शेअर देऊन दुसरीचा मागता येईल अशी खिडकी कुठेही नव्हती आणि तारीखही नव्हती. लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या फंडाने स्वस्त बाजू घेऊन महाग बाजू विकली होती. १९९८ मध्ये इतरत्र तोटे होऊन पैशांची चणचण भासली तेव्हा ही तफावत आणखी रुंद झाली, आणि त्यांना ती तशीच तोट्यात सोडावी लागली. हिशेब त्यांचा चुकला नव्हता. २००५ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि तफावतीचा विषयच संपला, पण तोवर तो फंड उरला नव्हता.

१५. शेवटचं, थोडं तिरकस: वायदा लंडनच्या हजर भावापेक्षाही खाली गेला तर काय करायचं?

उलटा सौदा: न्यूयॉर्कमध्ये वायदा घ्यायचा आणि लंडनमध्ये हजर सोनं विकायचं. अडचण अशी की विकायला सोनं हातात हवं. नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून उसनं घ्यावं लागतं. मध्यवर्ती बँका आणि मोठे साठेदार सोनं भाड्याने देतात, आणि त्या भाड्याचा दर एरवी नगण्य असतो. पण हजर सोन्याची टंचाई असते तेव्हाच वायदा खाली जातो, आणि नेमकं तेव्हाच भाडं भडकतं. म्हणजे तफावत दिसते, ती वसूल करण्याचा खर्चही तिच्याबरोबरच वाढतो, आणि वजाबाकी केल्यावर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. ज्याच्या तिजोरीत आधीपासून विटा आहेत त्याला मात्र हा सौदा सुटतो: आज हजर विकायचं, वायद्याने परत घ्यायचं, मधल्या काळात पैशांवर व्याज कमवायचं. २०२५ च्या सुरुवातीला विटा न्यूयॉर्ककडे ओढल्या जाऊन लंडनमध्ये हजर सोनं तंग झालं, तेव्हा तिथलं भाडं असंच चढलं होतं.